सातारा हिलची तयारी आणि जड झालेले पाय: किती दिवस थांबायचं?

जून उजाडला की माधवनगर-बुधगाव रस्त्यावर पहाटे पळणाऱ्यांची संख्या वाढते आणि जुलै संपता संपता दोन प्रश्न हमखास येऊ लागतात. पहिला: ‘रोज पळतोय, एकही दिवस चुकवत नाही, तरी वेळ सुधारायच्या ऐवजी वाढतच चाललाय. सराव अजून वाढवू का?’ दुसरा: ‘पाय दुखतायत, पण सुट्टी घेतली तर केलेली मेहनत वाया जाणार नाही ना?’ विचारणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून पळणारे असतात आणि डोळ्यांसमोर असते ती सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2012 पासून होणारी ही 21 किलोमीटरची स्पर्धा यवतेश्वरच्या घाटात चढते आणि त्याच घाटाने परत उतरते. ती पावसाळ्याच्या अखेरीस असते, म्हणून सरावाचा सगळा ताण आषाढ-श्रावणात येऊन पडतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असतं. सराव नियमित असूनही वेळ बिघडत असेल, तर शरीर सरावाला कमी पडत नाहीये. केलेला सराव अंगी लागायला त्याला मधे वेळच मिळत नाहीये. आता तुमचा थकवा साधा आहे की त्यापुढे गेलाय हे कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर नेमके किती दिवस थांबायचं, ते पाहू.

आधी तुमचा थकवा कोणत्या पायरीवर आहे ते ठरवा

क्रीडावैद्यकात थकव्याच्या तीन पायऱ्या मानतात. या पायऱ्या लक्षणांवरून ठरत नाहीत, सावरायला किती दिवस लागले यावरून ठरतात. पाय दुखणं, चिडचिड, झोप न येणं हे तिन्हीकडे सारखंच दिसू शकतं.

- पहिली पायरी: दोन-चार दिवस, फार तर आठवडा-दोन आठवडे सराव हलका केला की शरीर पूर्ववत होतं, कधी पहिल्यापेक्षा जोमदारही होतं. हा सरावाचाच भाग आहे. चांगले प्रशिक्षक मुद्दाम इथपर्यंत नेतात आणि मग विश्रांती देतात.
- दुसरी पायरी: थकवा उतरायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. विश्रांती घेतल्यावरही वेग पहिल्यावरच येतो, त्यापुढे जात नाही. म्हणजे इतके आठवडे फुकट गेले.
- तिसरी पायरी: महिनोन्‌महिने विश्रांती घेऊनही कामगिरी परत येत नाही आणि तपासण्यांत दुसरं कारण सापडत नाही. खरं ओव्हरट्रेनिंग हेच. हौशी धावपटूंमध्ये ते क्वचित दिसतं. आठवड्याला सहा-सात तास पळणारे बहुतेक जण पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच असतात.

याचा अर्थ असा की आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे कुठलंही घड्याळ किंवा रक्ततपासणी आज सांगू शकत नाही. ओव्हरट्रेनिंग दाखवणारी एकच एक तपासणी अस्तित्वात नाही. तुमच्या हातातली तपासणी म्हणजे विश्रांती. ठरावीक दिवस थांबायचं, मग ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या वेगाने पळून बघायचं. काय परत आलं आणि काय नाही, त्यावरून पुढचं ठरवायचं.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यायचं

खुणांची यादी लांबलचक करता येईल, पण उपयोगाच्या खुणा मोजक्याच आहेत आणि त्यांतली पहिली सगळ्यांत महत्त्वाची.

*नेहमीच्या वेगाला जास्त कष्ट पडणं.* तुमचा एक ठरलेला सपाट रस्ता असू द्या, पाच किलोमीटरचा. ज्या वेगात तुम्ही एरवी शेजाऱ्याशी गप्पा मारत पळता, त्याच वेगात आता दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल आणि हे एका आठवड्यात निदान तीनदा घडलं असेल, तर त्याची दखल घ्या. एखादा दिवस वाईट जाणं हे काही लक्षण नव्हे.

*झोप.* दमून आडवं व्हावं आणि झोप लागू नये, किंवा रात्री दोन-तीनला टक्क जाग यावी, हे साध्या थकव्यात सहसा होत नाही. साध्या थकव्यात माणूस लाकडासारखा झोपतो.

*मन.* पळायला जायची इच्छाच न होणं, घरच्यांवर विनाकारण ओरडणं, कामात लक्ष न लागणं. ही खूण पळणाऱ्याला स्वतःला उशिरा कळते, घरच्यांना आधी कळते. म्हणून घरात विचारा.

*वारंवार सर्दी-खोकला, बरी न होणारी बारीकसारीक दुखणी, भूक मंदावणं.* वेगवेगळी बघितली तर यांतली कुठलीच गोष्ट विशेष नाही. पहिल्या खुणेबरोबर आल्या, तर त्यांचं महत्त्व वाढतं.

आता सकाळच्या नाडीबद्दल, कारण तिच्यावर फार लोक विसंबतात. उठल्याबरोबर अंथरुणातच, लघवीला जायच्या आधी, पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. सलग दोन आठवडे मोजली की तुमची नेहमीची सरासरी कळते. तिच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त सलग तीन दिवस आले, तर त्या दिवशीचा जोराचा सराव टाळा. मात्र नाडी वाढण्यामागे अपुरं पाणी, उकाडा, आदल्या रात्रीचं जागरण, दारू किंवा येऊ घातलेला ताप, काहीही असू शकतं. लांब अंतर पळणाऱ्या काही जणांत तर उलटच होतं: पाय शिशासारखे जड, श्वास लागतोय आणि पळताना नाडी मात्र वरच चढत नाही. नाडी कमी दिसते म्हणून ‘फिटनेस वाढला’ असं समजून ते अजून जोर लावतात. आकडा आणि अंगातली जाणीव यांचं पटत नसेल, तेव्हा जाणिवेचं ऐका. स्मार्टवॉचवर दिसणाऱ्या ‘रिकव्हरी’च्या गुणांनाही हेच लागू आहे. एका दिवसाच्या आकड्याने काही ठरवू नका, आठवड्याची सरासरी कुठे चाललीय ते बघा.

एक उदाहरण: तीन महिन्यांत काय झालं

नेहमी भेटणाऱ्या धावपटूंवरून एक नमुना घेऊ. वय बेचाळीस, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, दोन वर्षांपासून पळण्याची सवय, यंदा पहिल्यांदाच सातारा हिलला नाव नोंदवलेलं.

सरावाचा भार मोजायची एक सोपी रीत आहे. जितकी मिनिटं व्यायाम केला, त्याला किती जड गेलं याचे शून्य ते दहापैकी गुण लावून गुणायचं. गुण सराव संपल्यावर अर्ध्या तासाने द्यायचे, म्हणजे शेवटच्या चढाचा राग त्यात येत नाही. जूनमध्ये या गृहस्थांचा आठवडा असा होता:

- मंगळवार: 40 मिनिटं, गुण 4, भार 160
- गुरुवार: 40 मिनिटं जरा जोरात, गुण 6, भार 240
- शनिवार: 45 मिनिटं, गुण 4, भार 180
- रविवार: 80 मिनिटं लांब पळणं, गुण 5, भार 400

एकूण 980. तीन दिवस पूर्ण सुट्टी. मग ग्रुपमध्ये इतरांचे आकडे दिसू लागले, दंडोबाच्या डोंगरावर चढाचा सराव सुरू झाला, जिमही लावली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याचं चित्र असं:

- सोमवार, बुधवार, शनिवार: प्रत्येकी 45 मिनिटं, गुण 6, भार 270 प्रमाणे 810
- मंगळवार: 60 मिनिटं, गुण 7, भार 420
- गुरुवार: 60 मिनिटं, जोराच्या फेऱ्या, गुण 8, भार 480
- शुक्रवार: जिममध्ये पायांचा व्यायाम 60 मिनिटं, गुण 7, भार 420
- रविवार: दंडोबावर 130 मिनिटं, गुण 8, भार 1040

बेरीज 3170. आठ आठवड्यांत भार तिपटीहून जास्त झाला, हा झाला उघड दोष. दुसरा दोष सहज नजरेत येत नाही आणि मला तोच जास्त घातक वाटतो: आठवड्यात एकही हलका दिवस उरला नाही. जूनमध्ये चारचा गुण असलेले दिवस होते, ऑगस्टमध्ये सगळ्यांत हलका दिवसही सहाचा आहे. एकूण भार तेवढाच ठेवून त्यात दोन पूर्ण सुट्ट्या आणि एक अगदी हलका दिवस घातला, तरी शरीर पुष्कळ तग धरतं. रोज मध्यम जोर लावला की ना धड कष्ट होतात, ना धड विश्रांती.

यात आणखी तीन गोष्टींची भर पडली, ज्या वहीत लिहिल्या जात नाहीत. कारखान्यात त्या पंधरवड्यात रात्रपाळी होती, म्हणजे दिवसा चार-पाच तासांची तुटक झोप. श्रावण सुरू झाला होता, सोमवार आणि शनिवारचे उपवास होते. आणि घरी लग्नकार्याची धावपळ. ऑगस्टच्या मध्यावर त्यांचं नेहमीचं पाच किलोमीटर 30 मिनिटांवरून 33 वर गेलं, रात्री तीनला जाग येऊ लागली आणि जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे संध्याकाळी आणखी एक फेरी.

किती दिवस थांबायचं: पायरीपायरीने

वरच्यासारखी अवस्था असेल, तर या क्रमाने जा.

1. तीन दिवस पूर्ण बंद. पळणं नाही, जिम नाही, सायकलवर ‘थोडंसं’ही नाही. आमराईत रमतगमत वीस-तीस मिनिटं चाललात तर चालेल. या तीन रात्री आठ तास अंथरुणात राहा.
2. चौथ्या दिवशी चाचणी. नेहमीच्या सपाट रस्त्यावर 20 ते 25 मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने. घड्याळ घरी ठेवा. पळणं सहज झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय हलके असले, तर तुम्ही पहिल्या पायरीवर होता.
3. चाचणी पास झाली, तर एक आठवडा निम्म्या भाराने. उदाहरणातल्या गृहस्थांनी निम्मा भार ऑगस्टच्या 3170 चा धरायचा नाही. ज्या आकड्यावर शेवटचं बरं वाटत होतं, त्याचा धरायचा, म्हणजे जूनच्या 980 चा. साधारण 500. जोराच्या फेऱ्या आणि घाट या आठवड्यात नाहीत.
4. चाचणी जड गेली, तर दहा ते चौदा दिवस सुट्टी. मधे चालणं, हलकं पोहणं चालेल, पण ज्याने धाप लागेल असं काही नाही. मग पुन्हा तीच चाचणी.
5. चौदा दिवसांनंतरही जडच वाटलं, तर डॉक्टरांकडे जा. ‘अजून एक आठवडा बघू’ असं म्हणू नका. या टप्प्यावर प्रश्न फक्त सरावाचा राहिलेला नसतो.

परत वाढवताना आधी दिवस वाढवा, मग मिनिटं, आणि जोर सगळ्यांत शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: बरं वाटलं की पहिल्याच रविवारी वेग तपासून बघतात.

‘इतके दिवस थांबलो तर सगळं जाईल’ ही भीती अनाठायी आहे. सात ते दहा दिवसांच्या विश्रांतीने हौशी धावपटूच्या दमात जाणवण्याइतका फरक पडत नाही. पहिल्या काही दिवसांत रक्तातला पातळ भाग थोडा कमी होतो, त्यामुळे परतल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा नाडी जास्त लागते आणि ‘गेलं सगळं’ असं वाटतं. ते आठवडाभरात भरून येतं. खरी घसरण दोन-तीन आठवडे काहीच न केल्यावर सुरू होते आणि तीही पूर्वी कमावलेल्या माणसात लवकर सावरते.

थकवा येण्याआधीच किती सुट्ट्या ठेवाव्यात

- आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी कोणालाही चुकवता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, पहिल्या वर्षातल्यांनी आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांनी दोन ठेवाव्यात, शक्यतो सलग नाहीत.
- जोराचे दिवस आठवड्यात दोनच, लांब पळणं धरून फार तर तीन. त्यांच्या मधे हलका दिवस किंवा सुट्टी हवीच.
- तीन आठवडे भार वाढवला की चौथा आठवडा तिसऱ्याच्या निम्म्या ते साठ टक्के भाराचा. तो वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. थकल्यावर घेऊ म्हटलं की उशीर होतो.
- रात्रपाळीचा आठवडा, घरातलं आजारपण, लग्नकार्य किंवा गणपतीतली जागरणं हा भारच आहे. त्या आठवड्यात जोराचा एक दिवस काढून टाका.

सुट्टीच्या दिवशी काय करायचं, असंही विचारतात. जिममध्ये वजनं उचलायची नाहीत आणि टेकडीवर ट्रेकला जायचं नाही, एवढं सांभाळा. माझ्या बघण्यात सर्वांत जास्त सुट्ट्या ‘ग्रुपबरोबर सहज ट्रेक’ म्हणून वाया जातात.

घाट उतरणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब

सांगली-माधवनगरचा परिसर कृष्णाकाठचा, सपाट. इथल्या धावपटूंना चढाची धास्ती असते, म्हणून सगळा सराव चढाचा होतो. पण यवतेश्वरच्या घाटात स्नायू खरे मार खातात ते परतीच्या उतारावर. चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात. अशा ताणात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. त्या वेळी दम लागत नाही, त्यामुळे काही झालंय हे कळतही नाही. दुखणं चोवीस तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. घाटाच्या सरावानंतर मंगळवारी जिन्याचा कठडा धरून, तोंड वर करून उलटं उतरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. हे ओव्हरट्रेनिंग नव्हे, पण त्या अवस्थेत गुरुवारी जोराच्या फेऱ्या मारल्या की तिकडची वाट सुरू होते.

म्हणून:

- उताराचा सराव दोन आठवड्यांतून एकदा पुरे, आणि पहिल्यांदा दीड-दोन किलोमीटरच उतार. एकदा झालेल्या इजेनंतर स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला जास्त तोंड देतात, त्यामुळे वारंवार करायची गरजच नसते.
- घाटानंतर दोन दिवस पूर्ण सुट्टी. तिसऱ्या दिवशी जिना सरळ, कठडा न धरता, न दुखता उतरता आला, तरच हलकं पळणं.
- स्पर्धेच्या आधीच्या तीन आठवड्यांत नवा किंवा लांब उतार नाही.
- स्पर्धेनंतर पाच ते सात दिवस पळणं नाही, दोन आठवडे जोर नाही, घाट तर तीन आठवडे नाहीच.

कमी खाणं आणि जास्त पळणं: चूक नेमकी कुठे होते

ज्याला आपण ‘सराव जास्त झाला’ म्हणतो, ते पुष्कळदा ‘खाणं कमी पडलं’ असतं आणि लक्षणं हुबेहूब तीच असतात. श्रावणात हे फार दिसतं. उपवास करू नका असं मी म्हणत नाही. उपवासाच्या दिवशी जोराचा किंवा लांबचा सराव ठेवू नका, एवढंच म्हणतो. शनिवारी उपवास असेल आणि रविवारी लांब पळायचं असेल, तर शनिवारी साबुदाणा, रताळं, वरी, केळी, दूध यांत हात आखडता घेऊ नका आणि रात्री उपवास सोडत असाल तर नीट जेवा. पोळी-भाकरी आणि भात बंद करून वजनही उतरवायचं आणि घाटाची तयारीही करायची, हे एकाच वेळी होत नाही. कुठलं तरी एक निवडा.

बायकांनी एका गोष्टीकडे कधीही दुर्लक्ष करू नये. सराव वाढल्यावर पाळी लांबली, अगदी कमी झाली किंवा बंद झाली, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणून सोडून देऊ नका. पळण्याच्या मानाने खाणं अपुरं पडतंय याची ती सर्वांत स्पष्ट खूण असते आणि त्या काळात हाडं ठिसूळ होऊ लागतात. नडगीच्या किंवा तळपायाच्या हाडाला बारीक भेग पडण्याचा धोका तेव्हाच वाढतो. तीन महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची शक्यता तपासा, मग स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि आठवड्याला किती पळता हे त्यांना आकड्यांत सांगा. न विचारता सांगा.

डॉक्टरांकडे जाताना

दोन आठवड्यांच्या विश्रांतीने फरक पडला नाही, की पहिली शंका दुसऱ्या आजाराची घ्यायची. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, ‘ब 12’ किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांची सुरुवात अशीच असते. पावसाळ्यात आपल्याकडे डेंगी-चिकुनगुनिया होऊन गेलेला असतो आणि त्याचा अशक्तपणा काही आठवडे रेंगाळतो. काय करायचं ते असं:

- रक्तगणना, फेरिटिन, थायरॉइड, साखर आणि ‘ब 12’ यांबद्दल डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठवणीचं लोह म्हणजे फेरिटिन कमी असू शकतं. बायका आणि शाकाहारी धावपटूंमध्ये हे जास्त आढळतं. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका.
- रक्त देण्याआधी निदान तीन दिवस, घाट उतरला असाल तर आठवडाभर, जोराचा व्यायाम करू नका. स्नायूंच्या इजेमुळे रक्तातले एसजीओटी आणि काही प्रमाणात एसजीपीटी वाढतात आणि धडधाकट माणसाच्या मागे यकृताच्या तपासण्या लागतात. पळत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगितलं, तर हा फेरा टळतो.
- शेवटच्या आठ आठवड्यांची वही बरोबर न्या: मिनिटं, गुण, झोप, पाळीच्या तारखा. ‘बरेच दिवस थकवा आहे’ यापेक्षा या एका पानाचा डॉक्टरांना जास्त उपयोग होतो.
- रिपोर्टची प्रत मागून घ्या. ती तुमच्या हक्काची आहे आणि पुढच्या वर्षी तुलनेला लागते.

पुढच्या खुणा दिसल्या तर मात्र विश्रांतीची चाचणी वगैरे काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: पळताना छातीत दुखणं किंवा दाब, चक्कर येऊन पडणं, छातीत अनियमित धडधड, जोराच्या सरावानंतर चहाच्या रंगाची गडद लघवी. हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर दाखवेपर्यंत पळणं बंद. आणि अंगात ताप असताना पळू नका. विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोचलेला असू शकतो आणि त्या वेळचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. नुसती नाक गळणारी सर्दी असेल, तर हलकं पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल, तर तो पूर्ण जाऊन दोन-तीन दिवस होईपर्यंत थांबा. डेंगीनंतर कधी सुरू करायचं हे डॉक्टरच ठरवतील.

प्रशिक्षक, ग्रुप आणि भरलेली फी

प्रशिक्षकाने दिलेलं वेळापत्रक पाळलं पाहिजे, पण ‘आज जमणार नाही’ म्हणण्याचा अधिकार तुमचा आहे आणि चांगला प्रशिक्षक तो मान्य करतो. थकव्यावर सरसकट एकच उपाय, किंवा डब्यावर घटक न लिहिलेली पावडर कोणी देत असेल, तर ती घेऊ नका. पोलीसभरतीची तयारी करणारी मुलं पळण्याबरोबर गोळाफेक आणि जिमही रोज करतात. 1600 किंवा 800 मीटरचा वेळ आठवड्यातून एकदाच मोजा, रोज मोजून तो कमी होत नाही. जिममध्ये पैसे भरण्याआधी आजारपणात सदस्यत्व थांबवता येतं का, हे विचारून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या.

सर्वांत अवघड निर्णय असतो तो स्पर्धेला तीन-चार आठवडे उरले असताना थकवा आल्यावर. माझा सल्ला असा. तीन दिवसांच्या सुट्टीनंतरची चाचणी चांगली गेली, तर उरलेला वेळ हलक्या सरावात घालवा आणि स्पर्धेत उतरा. चढ निम्मा चालत चढा, वेळेचं लक्ष्य सोडून द्या. चौदा दिवसांच्या सुट्टीनंतरही चाचणी जड गेली, किंवा स्पर्धेच्या आठवड्यात ताप आला, तर यंदा थांबा. दुखणं दाबून उतरायचं म्हणून सकाळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

भरलेली फी परत मिळेल का, पुढच्या वर्षी वळती होईल का, हे ज्या त्या स्पर्धेच्या नियमांत लिहिलेलं असतं आणि त्याची मुदतही ठरलेली असते. त्यामुळे शंका आली त्याच आठवड्यात आयोजकांना लेखी विचारा. स्वतः उतरणार नसाल, तर आपला बिब मित्राच्या छातीवर लावून त्याला पाठवू नका. घाटात तो माणूस कोसळला, तर वैद्यकीय पथकाला त्या क्रमांकावर तुमचं नाव, तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन मिळेल.